अडलं की कोणाला विचारायचं?

कोणत्याही सरकारी कार्यालयात दोन नकाशे असतात. पहिला साहेबांच्या खोलीबाहेरच्या फलकावर रंगवलेला असतो आणि कोण कोणाच्या हाताखाली ते सांगतो. दुसरा कुठेच लावलेला नसतो. अडलं की कोण कोणाकडे जातो, हे त्या दुसऱ्या नकाशावर असतं. मला या दुसऱ्या नकाशाचं विलक्षण आकर्षण आहे, कारण तो कोणी आखलेला नसूनही त्याला नियम असतात, किमती असतात, आणि तो मोजताही येतो. पीटर ब्लाउ या तरुण समाजशास्त्रज्ञाने 1940च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या दोन सरकारी कार्यालयांत महिनोन्‌महिने बसून तो मोजला. ब्लाउ मूळचा व्हिएन्नाचा. नाझींपासून निसटून अमेरिकेत आला होता. त्याचं पुस्तक 1955 साली निघालं आणि त्यातली एका छोट्या विभागाची गोष्ट आजही कुठल्याही कचेरीला लागू पडावी अशी आहे.

औपचारिक आणि अनौपचारिक संघटना हा भेद तेव्हा नवा नव्हता. टेलिफोन कंपनी चालवलेल्या चेस्टर बर्नार्डने 1938 मध्येच लिहून ठेवलं होतं की दोन्ही एकमेकांशिवाय जगत नाहीत. पण बर्नार्ड अनुभवावरून बोलत होता. ब्लाउ विभागात एका कोपऱ्यात बसला आणि कोण उठून कोणाच्या टेबलाशी गेलं, याची नोंद ठेवत राहिला.

हा विभाग केंद्र सरकारच्या एका खात्याचा होता. कारखाने आणि दुकानं कामगारविषयक कायदे पाळतात की नाही हे त्याचे निरीक्षक तपासायचे. त्यासाठी ते मालकांच्या वह्या तपासत, कामगारांशी बोलत आणि मग कार्यालयात परतून प्रकरण लिहून काढत. प्रत्येक प्रकरण एकट्याने करायचं असे. कायदा असा गुंतागुंतीचा की नियमपुस्तकच हजारेक पानांचं होतं, वर न्यायालयांचे निकाल आणि खुलासे. अर्थातच पदोपदी अडायचं. आणि अडल्यावर काय करायचं, याबद्दल आदेश स्पष्ट होता. पर्यवेक्षकाला विचारा, सहकाऱ्याला विचारू नका.

प्रत्यक्षात निरीक्षक कार्यालयात असताना तासाला सरासरी पाच वेळा एकमेकांशी बोलत. सगळंच बोलणं कामाचं नसे, पण त्यातला मोठा वाटा सल्ल्याचाच होता. हे कलम अमुक मालकाला लागतं का, हा आकडा कसा धरायचा, पुरावा एवढा पुरेल का. ज्या गोष्टीला मनाई होती, त्याच गोष्टीवर विभाग चालला होता. तेही चोरून नव्हे, उघड, टेबलावरून टेबलावर.

पर्यवेक्षकाला विचारण्यात अडचण काय होती? तो वाईट माणूस होता असं काही नाही. पण निरीक्षकाच्या कामाचा वार्षिक अहवाल तोच लिहायचा. त्याच्यापुढे वारंवार शंका घेऊन उभं राहणं म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून देणं की मला हे येत नाही. मला वाटतं, या जागी ब्लाउने फार नेमकं बोट ठेवलं. गुण देणारा आणि शिकवणारा एकच माणूस असला की शिकणारा त्याच्यापासून तोंड लपवतो. मनाईच्या आदेशाने ही गोष्ट बदलली नाही. फक्त प्रश्न वाट बदलून शेजारच्या टेबलाकडे वळले.

आता खरी नवलाची गोष्ट. ती शेजारची वाट फुकट नव्हती. ब्लाउच्या लक्षात आलं की प्रत्येक सल्ल्यात दोघेही काहीतरी देतात. सांगणारा आपला वेळ देतो, त्याचं स्वतःचं प्रकरण तेवढ्यापुरतं मागे पडतं. विचारणारा त्याच्या मोबदल्यात एक कबुली देतो, की तू माझ्यापेक्षा जाणता आहेस. पहिल्यांदा विचारल्यावर सांगणाऱ्याला ही कबुली गोड लागते. पाचव्यांदा तिची गोडी कमी झालेली असते आणि वेळ मात्र तेवढाच जातो. विचारणाऱ्यालाही पाचव्यांदा स्वतःची पायरी उतरल्यासारखी वाटते. त्यामुळे सगळ्यांत हुशार निरीक्षकाकडे सगळ्यांची रांग लागत नव्हती. मध्यम कुवतीच्या निरीक्षकांनी आपापल्या जोड्या बांधल्या होत्या. रोजच्या शंका जोडीदाराला विचारायच्या, त्याच्याही शंका सोडवायच्या, फिट्टंफाट. जोडीदारालाही जे सुटत नाही तेवढंच घेऊन जाणत्याकडे जायचं. म्हणजे जाणत्या माणसाच्या वेळेची उधळपट्टी होऊ नये यासाठी विभागात एक व्यवस्था होती आणि ती कोणी बसवलेली नव्हती.

मग जाणत्या माणसाला अडलं तर? त्याने विचारलं तर त्याची पत जाते. न विचारलं तर चूक होते. ब्लाउने पाहिलं की हे निरीक्षक जेवणाच्या वेळी किंवा टेबलाशी रेलून आपल्या हातातलं चमत्कारिक प्रकरण गोष्टीसारखं सांगायचे. मालकाने काय केलं, वहीत काय सापडलं, मग मला काय वाटलं. ऐकणारे मध्येच एखादा प्रश्न विचारत, माना हलवत. कोणी सल्ला मागितला नाही, कोणी दिला नाही. पण ओळखीच्या आणि कामातल्या माणसांसमोर मोठ्याने विचार करताना सांगणाऱ्याचाच गुंता सुटायचा, आणि चूक असेल तर एखाद्याच्या कपाळावरची आठी ती सांगून जायची. बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे गप्पा मारणं वाटलं असतं. ते सल्लामसलतीचं सगळ्यांत तरल रूप होतं.

याचा कामावर परिणाम चांगलाच झाला. विचारायला माणूस आहे या भरवशावर निरीक्षक न विचारताही अधिक नेटके निर्णय घेऊ लागले, कारण अडकण्याची धास्ती कमी झाली होती. आणि जो जाणता माणूस मोकळ्या मनाने सांगायचा, त्याला विभागात मान मिळायचा, पुढे काही ठरवताना त्याचं मत आधी घेतलं जायचं. असा अधिकार फलकावर कुठेच नव्हता.

हे सगळं आपल्याकडे कसं दिसतं, ते एका छोट्या प्रकरणावरून सांगतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर नव्याने आलेला लिपिक डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे एका सहकाऱ्याचं सेवापुस्तक आलं आहे. सहकारी लिपिक होता, मार्चमध्ये वरिष्ठ लिपिक झाला, आता त्याची वेतननिश्चिती करायची. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याचं मूळ वेतन 27,600 आहे. पदोन्नतीच्या तारखेलाच वेतन निश्चित केलं तर जुन्या स्तरात एक वेतनवाढ देऊन आकडा 28,400 होतो आणि नव्या स्तरात त्याच्या लगतचा वरचा टप्पा 28,700 हा मिळतो. पण जुलै येईपर्यंत नव्या पदावर सहा महिने होत नाहीत, त्यामुळे त्या जुलैची वेतनवाढ हुकते आणि 29,600 त्यापुढच्या वेतनवाढीलाच दिसतो.

दुसरा पर्याय असा की वेतननिश्चिती जुलैच्या वेतनवाढीच्या तारखेपासून मागायची. तोवर 27,900 घ्यायचे, म्हणजे तीन-चार महिने दरमहा 800 रुपये कमी. पण 1 जुलैला वार्षिक आणि पदोन्नतीची अशा दोन वेतनवाढी एकत्र धरल्या जातात, जुन्या स्तरात आकडा 29,300 होतो आणि नव्या स्तरात थेट 29,600. म्हणजे पहिल्या पर्यायात उशिरा मिळणारा टप्पा जुलैलाच मिळतो, आणि ही आघाडी पुढेही राहते. हा विकल्प पदोन्नतीनंतर महिन्याभरात लिहून द्यायचा असतो.

आता हे नव्या लिपिकाला कोण सांगणार? नियम छापलेले आहेत, शासन निर्णय संकेतस्थळावर आहेत. पण कुठल्या नियमाला कुठला निर्णय जोडून वाचायचा, विकल्पाचा अर्ज कोणत्या शब्दांत घ्यायचा, सेवापुस्तकात नोंद कुठे करायची म्हणजे वेतन पडताळणी पथक आक्षेप काढणार नाही, हे कागदावर एकत्र सापडत नाही. औपचारिक वाट आहेच. वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहून मार्गदर्शन मागवायचं. ते पत्र टिपणीवर चढतं, अव्वल कारकुनाकडून साहेबांकडे जातं, जावक क्रमांक पडतो, वर आवक होतं, तिथल्या टेबलावर मार्क होतं. उत्तर येईपर्यंत विकल्पाचा महिना उलटून गेलेला असतो. आपल्या साहेबांना विचारावं, तर गोपनीय अहवाल लिहिणारे तेच, आणि आस्थापनेच्या टेबलावर बसलेल्याला एवढंही माहीत नाही असं त्यांना वाटू द्यायचं नसतं. ब्लाउच्या निरीक्षकांची अडचण इथे जशीच्या तशी उभी राहते.

म्हणून तो फोन करतो. जिल्ह्यात अशी एक-दोन माणसं असतातच, ज्यांनी उमेदीची सगळी वर्षं आस्थापना आणि लेखा या टेबलांवर काढलेली असतात. पदाने ती मोठी नसतात. पण तालुक्या-तालुक्यातले लिपिक त्यांचा नंबर बाळगून असतात. दोन मिनिटांत उत्तर येतं, सोबत नमुन्यादाखल एका जुन्या मंजूर प्रकरणाचा फोटोही येतो. मग टिपणी तयार होते आणि ती वाचणाऱ्याला वाटतं की लिपिकाने नियम वाचून प्रस्ताव सादर केला. टिपणीत नियम क्रमांक असतो, शासन निर्णयाची तारीख असते. ज्याच्याकडून हे कळलं त्याचं नाव मात्र कुठेही नसतं. नस्ती पाहून हे काम कसं झालं ते कधीच कळत नाही, आणि मला ही गोष्ट थक्क करणारी वाटते, कारण सरकारी काम लेखी असतं हे आपण गृहीत धरलेलं असतं.

या दोन वाटा एकमेकांना छेदतात अशी एक जागा मात्र खुद्द नस्तीवरच असते. साहेब समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतात आणि खाली सही करतात. त्या क्षणी कागद थांबतो आणि बोलणं सुरू होतं. खोलीत जे बोललं जातं ते नोंदवलं जात नाही. बाहेर येणारी पुढची टिपणी ‘चर्चेनुसार फेरसादर’ अशी असते. मधला निर्णय कोणत्या युक्तिवादाने झाला, ते त्या दोन शेऱ्यांच्या मध्ये राहून जातं.

आपल्याकडे या जाळ्याला आणखी एक कारण बळ देतं, ते म्हणजे बदल्या. 2005च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. अधिकारी तीन वर्षांत, बऱ्याचदा त्याआधीच, जातो. वर्ग तीनचा कर्मचारीही टेबल आणि कार्यालय बदलतो, पण बहुधा त्याच जिल्ह्यात फिरत राहतो. त्याची ओळख तुटत नाही, उलट प्रत्येक बदलीने ती आणखी एका कार्यालयात पसरते. नव्या साहेबांना जिल्ह्यात कोणाला काय येतं हे कळायला वर्ष जातं. तोवर नस्ती कोणाच्या हाताखालून गेली म्हणजे अडणार नाही, हे खालच्या टेबलांना माहीत असतं.

आता या जाळ्याची वाईट बाजू, आणि ती मला तितक्याच तपशिलात सांगायला हवी. ब्लाउच्या विभागात मालकाने लाच देऊ केली तर ती वर कळवणं निरीक्षकावर बंधनकारक होतं, म्हणजे मालकावर खटला भरता येईल. निरीक्षक लाच घेत नसत. पण ते कळवतही नसत. लाच देऊ करून मालक स्वतःच अडचणीत सापडतो, मग त्याच्याकडून कायद्याप्रमाणे थकबाकी वसूल करणं सोपं जातं, असा त्यांचा हिशेब होता. जो कळवील तो चुगलखोर ठरे आणि त्याच्याशी इतरांचं वागणं बदले. ज्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यावर तुमचं रोजचं काम चालतं, त्यांची मर्जी गमावणं परवडत नाही. म्हणजे सल्ला देणारं जाळं आणि गप्प बसवणारं जाळं ही एकच गोष्ट होती. सहकार्य हवंय पण ही चुप्पी नको, अशी निवड तिथे कोणाला करता आली नाही.

आपल्या लिपिकाच्या गोष्टीत वेगळा धोका आहे. फोनवरच्या जाणत्या माणसाने शेवटचा शासन निर्णय वाचला त्याला काही वर्षं झाली असतील. मधल्या काळात तो निर्णय अधिक्रमित झाला असेल. पुस्तक वाचताना झालेली चूक त्या एका वाचकापुरती राहते. पण जाणत्याची चूक जिल्हाभर जाते, कारण सगळे त्यालाच विचारतात आणि त्याने पाठवलेला नमुना पुढे पाठवत राहतात. ही चूक ओळखायची खूण अशी, की वेतन पडताळणी पथकाचे आक्षेप परत येतात तेव्हा वेगवेगळ्या कार्यालयांच्या सेवापुस्तकांत तीच चूक, त्याच शब्दांत लिहिलेली सापडते. एकट्या लिपिकाचा हलगर्जीपणा असता तर चुका वेगवेगळ्या झाल्या असत्या. पडताळणी वेळेवर झाली नाही, तर मग ती निवृत्तीच्या वेळी निघते, निवृत्तिवेतनाचं प्रकरण महालेखापाल कार्यालयाकडे जायच्या तयारीत असताना. तोपर्यंत जादा दिलेली रक्कम वर्षानुवर्षं साठलेली असते, वसुलीचा प्रश्न उभा राहतो, आणि ज्याने फोनवर सांगितलं होतं तो कधीच निवृत्त झालेला असतो. त्याला विचारता येत नाही, कारण त्याने सांगितलं होतं याचा पुरावाच नसतो.

आणि सगळ्यांच्या हाती हा फोन नंबर नसतो. परजिल्ह्यातून नेमणूक झालेली मुलगी, अनुकंपा तत्त्वावर लागलेला पोरगा, चहाच्या टपरीवर जाणाऱ्या घोळक्यात जात किंवा ओळख नसल्याने न मिसळलेला कर्मचारी, यांना जाळ्याच्या आत यायला वेळ लागतो. त्यांच्या नस्त्या जास्त वेळा ‘त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे’ या शेऱ्याने परत येतात, आणि कामाला कच्चे म्हणून त्यांचं नाव होतं. कमतरता बुद्धीची नसते, वाटेची असते. बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकाची गत तर त्याहून वेगळी नाही. कोणत्या टेबलावर विचारायचं हे ज्याला माहीत आहे त्याचं काम आठवड्यात होतं, दुसऱ्याचं महिन्यात.

हे जाळं मोडतं कशाने, हेही ब्लाउने पाहिलं. त्याचं दुसरं कार्यालय राज्य सरकारचं रोजगार केंद्र होतं. तिथे बेरोजगारांच्या मुलाखती घेऊन त्यांना आलेल्या जागांवर पाठवायचं काम होतं. वरिष्ठांनी प्रत्येक मुलाखतकाराने किती लोकांना नोकरीला लावलं याचे आकडे ठेवायला सुरुवात केली. पूर्वी रिकाम्या जागेची चिठ्ठी सगळ्यांसाठी असे. एका गटात पर्यवेक्षक आकड्यांवर फार भर द्यायचा. तिथे चिठ्ठ्या लपवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडचा उमेदवार बसत नसला तरी चिठ्ठी शेजाऱ्याला मिळू नये म्हणून दडवून ठेवायची. दुसऱ्या गटात पर्यवेक्षक आकड्यांना तेवढं वजन देत नव्हता आणि मुलाखतकारांनी चिठ्ठ्या वाटून घ्यायचा आपला रिवाज टिकवला. पहिल्या गटात जो जितका झगडणारा तितके त्याचे आकडे चांगले होते. तरीही गट म्हणून जास्त जागा भरल्या दुसऱ्याने. प्रत्येकाच्या कामाची बेरीज म्हणजे कार्यालयाचं काम, ही समजूत इथे साफ खोटी ठरली.

आपल्या कायद्यानेही एक आकडा दिला आहे. त्याच 2005च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक थांबता कामा नये. हेतू चांगला आहे आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने मला तो हवाच वाटतो. पण टेबलवार प्रलंबितता मोजली की नस्ती सहाव्या दिवशी एखादी किरकोळ विचारणा लिहून पुढच्या टेबलावर सरकते. त्या टेबलाचे सात दिवस नव्याने सुरू होतात. ई-ऑफिसमध्ये हा प्रवास मिनिटा-मिनिटाने नोंदला जातो, त्यामुळे कुठल्या टेबलावर किती वेळ गेला ते साहेबांना बसल्या जागी दिसतं. शेजाऱ्याच्या शंकेत घातलेली वीस मिनिटं सल्ला म्हणून त्या नोंदीत येत नाहीत. ती सांगणाऱ्याच्या खात्यात उशीर म्हणून दिसतात. ज्या कार्यालयात हा उशीर महाग पडू लागतो, तिथे जाणता माणूस काय करतो, ते रोजगार केंद्रातल्या पहिल्या गटाने दाखवून दिलेलं आहे.

काही कार्यालयांत याला एक साधा उपाय केलेला दिसतो. आस्थापनेच्या टेबलावर एक जाड वही असते. वेतननिश्चितीचा अडलेला प्रश्न, त्यावर शेवटी लागू झालेला नियम, शासन निर्णयाची तारीख, आणि पडताळणी पथकाने काय शेरा दिला, हे एकाखाली एक लिहिलेलं. बदली झालेला माणूस ती पुढच्याला देऊन जातो. फोनवर मिळालेलं उत्तरही तिथे उतरवलं जातं, सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि निर्णय अधिक्रमित झाला की त्या ओळीवर लाल रेघ मारून शेजारी नवी तारीख लिहिली जाते.